कोण, कधी आणि काहून: उताऱ्यावरची छोटी उत्तरं मुलांना लिहायला कशी शिकवायची

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात नवीन ताई-दादा शिकवायला आले, की पहिल्याच आठवड्यात त्यांना एक गोष्ट खटकते. मूल उतारा घडाघडा वाचतं, उत्तर कुठे आहे ते बरोबर शोधतं, पण वहीत उतरवतं ते उताऱ्यातलं अख्खं वाक्य, मागच्यापुढच्या शेपटासकट. "तुला काय समजलं ते सांग," म्हटलं तर तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवतं. त्याला समजलं आहे की नाही, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

हा लेख अशा नव्याने शिकवायला बसणाऱ्यांसाठी आहे. मुलं चौथी ते सहावीची धरली आहेत. "एका वाक्यात उत्तरे लिहा" आणि "दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा" हे दोन प्रकार त्यांना पुस्तकात सतत भेटतात, आणि त्यातले बहुतेक प्रश्न कोण, कधी, का या तीन शब्दांवर उभे असतात. मी एकच उतारा घेते आणि त्यावर वर्गात काय करते ते क्रमाने सांगते. उतारा मीच वर्गासाठी लिहिला आहे, हवा तर वापरा. वाक्यांना आकडे दिले आहेत, कारण मुलांनाही मी समासात आकडे घालायला लावते.

(१) पोळ्याच्या आदल्या रात्री खूप पाऊस झाला. (२) अंगणात राहिलेला गोलूचा लाकडी नंदी सकाळपर्यंत चिंब भिजला आणि त्याचा रंग उतरला. (३) "उद्या तान्हा पोळा आहे, आता मी काय नेऊ?" असे म्हणत गोलू रडू लागला. (४) आजीने नंदी उचलून चुलीजवळ ठेवला. (५) संध्याकाळपर्यंत लाकूड वाळले. (६) मग शेजारचे सुतार काका पिवळ्या रंगाची डबी घेऊन आले आणि त्यांनी नंदी नव्याने रंगवून दिला. (७) त्यांच्याकडे लाल रंग नव्हता, म्हणून शिंगेही पिवळीच रंगवली. (८) दुसऱ्या दिवशी मैदानात जमलेल्या बाकी सगळ्या नंदींची शिंगे लाल होती. (९) गोलूचा नंदी परीक्षकांनी लांबूनच ओळखला. (१०) सर्वांत वेगळ्या नंदीचे बक्षीस त्याला मिळाले. (११) बक्षिसात रंगांच्या सहा डब्या होत्या. (१२) घरी परतताना गोलूने त्यातली लाल डबी काकांच्या दारात ठेवली.

नागपूरच्या मुलांना तान्हा पोळा समजावून सांगावा लागत नाही. लाकडी नंदी, घरोघरी बोजारा म्हणजे सणाचे पैसे मागत फिरणं, सगळं त्यांच्या अंगणातलं असतं. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मोठ्यांचा बैलपोळा झाला की दुसऱ्या दिवशी मुलांचा, लाकडी बैलांचा हा पोळा भरतो. उतारा निवडताना मी नेहमी असा ओळखीचा विषय घेते. विषय अनोळखी असला की मूल अर्थाशीच झगडत राहतं, आणि मग वाक्य उचलण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा मार्ग राहत नाही.

वाक्य का उचललं जातं

बहुतेक मुलं उत्तर शोधताना अर्थ शोधत नाहीत, शब्द जुळवतात. "सुतार काका रंग घेऊन कधी आले?" असा प्रश्न दिला की ती उताऱ्यात "सुतार काका" कुठे आहे ते बघतात, सहावं वाक्य सापडतं आणि ते जसंच्या तसं उतरवतात. "मग शेजारचे सुतार काका पिवळ्या रंगाची डबी घेऊन आले आणि त्यांनी नंदी नव्याने रंगवून दिला." एवढं लांबलचक उत्तर, पण त्यात "कधी"चं उत्तरच नाही. "मग" ही काही वेळ नव्हे.

म्हणून पहिल्या दिवशी मी हेच चुकलेलं उत्तर फळ्यावर लिहिते आणि एकच काम देते. उतारा हाताने झाका. आता समजा, तुमच्या मावशीने हा उतारा वाचलेलाच नाही आणि तिला फक्त हे उत्तर दिसतंय. तिला काका कधी आले ते कळलं का? मुलं लगेच म्हणतात, "नाही कळलं." या कसोटीला आम्ही वर्गात मावशीची कसोटी म्हणतो, आणि पुढे सगळीकडे तीच लावतो.

याच कसोटीत आणखी एक गोष्ट उघडी पडते. उचललेल्या वाक्यात जवळजवळ नेहमी एखादा शब्द लटकत राहिलेला असतो. मग, पण, तेव्हा, त्यांच्याकडे, त्याला, तिथे, शिंगेही मधला "ही". हे शब्द आधीच्या वाक्याला धरून असतात. वाक्य तिथून उपटून वहीत लावलं की ते लोंबकळतात. नवीन शिक्षकाला नक्कल ओळखायला हीच सोपी खूण आहे. उत्तरात लटकता शब्द दिसला, की ते वाक्य उचललेलं आहे असं नव्वद टक्के समजा आणि मुलाला तो शब्द कोणाबद्दल आहे ते विचारा. उत्तर आलं तर मुलाला समजलं आहे, फक्त लिहायला जमलं नाही. नाही आलं तर वाचनाकडेच परत जावं लागेल. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

पुरावा: तीन शब्दांची पेन्सिल

प्रश्न वाचला की मूल आधी प्रश्नशब्दाला गोल करतं. कोणी, कधी, का, जो असेल तो. मग उताऱ्यात उत्तर जिथे असेल तिथे पेन्सिलने रेघ मारतं, पण नियम असा, की एका ठिकाणी तीन शब्दांपेक्षा जास्त रेघ नाही. अख्ख्या वाक्याखाली रेघ मारायची मुभा दिली, की हात आपोआप अख्खं वाक्य उतरवतो. तीनच शब्दांची परवानगी असली की मुलाला निवडावं लागतं, आणि निवडायचं म्हणजे विचार करावाच लागतो.

रेघेशेजारी वाक्याचा आकडा वहीच्या समासात लिहायचा. हाच त्याचा पुरावा. "हे तू कशावरून म्हणतोस?" विचारलं की आकडा दाखवायचा. पुरावा दोन ठिकाणी असेल तर दोन आकडे. सुरुवातीला मुलं समासात आकडा लिहायला कुरकुरतात, पण तो सोडू नका. उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायचं म्हटलं की काही मुलं भलतीकडेच जातात, मनचं काहीतरी घालतात. आकडा त्यांना उताऱ्याला बांधून ठेवतो.

कोण

हा सगळ्यात सोपा प्रश्न समजला जातो, पण गुण जास्त जातात ते यातच, आणि जातात ते विभक्तीपायी. "नंदी चुलीजवळ कोणी ठेवला?" या प्रश्नाला मूल लिहितं, "आजी." कळलं आहे, पण उत्तर अर्धं आहे. मी मुलांना सांगते, प्रश्नशब्द ज्या कपड्यात आलाय त्याच कपड्यात उत्तर जायचं. कोणी विचारलं तर आजीने. कोणाला विचारलं तर आजीला. कोणाकडे विचारलं तर आजीकडे. कोणाच्या विचारलं तर आजीच्या. पाच मिनिटं तोंडी हाच खेळ घेतला तरी पुरतं. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलांना तो दोन-तीन दिवस घ्यावा लागतो, आमच्या वर्गात अशी मुलं बरीच आहेत.

वाक्य लिहिण्याची युक्तीही मराठीत फार सोपी आहे. प्रश्नशब्द काढायचा आणि त्याच जागी उत्तर बसवायचं. "नंदी चुलीजवळ कोणी ठेवला?" यातलं "कोणी" काढलं, "आजीने" ठेवलं, वाक्य तयार. "नंदी चुलीजवळ आजीने ठेवला." प्रश्नातले शब्द वापरणं ही नक्कल नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगा. काही मुलं त्यालाही घाबरतात.

खरी अडचण सर्वनामाची. "लाल रंग कोणाकडे नव्हता?" सातव्या वाक्यात "त्यांच्याकडे" आहे. मूल लिहितं, "त्यांच्याकडे लाल रंग नव्हता." मावशीला काहीच कळलं नाही. इथे बोट "त्यांच्याकडे"वर ठेवायचं आणि एक वाक्य वर चढायचं, जोवर नाव सापडत नाही तोवर. सहाव्या वाक्यात सुतार काका भेटतात. "लाल रंग सुतार काकांकडे नव्हता."

कधी कधी वर चढूनही भागत नाही. दहाव्या वाक्यातलं "त्याला" कोण? वर नववं वाक्य आहे, त्यात गोलूचा नंदी आहे. एक मुलगा म्हणाला, "बक्षीस नंदीला मिळालं." दुसरा म्हणाला, "गोलूला." वर्गात दोन तट पडले. मी कोणाचीच बाजू घेतली नाही, फक्त खालचीही वाक्यं वाचायला सांगितली. बाराव्यात गोलू बक्षिसातली डबी उचलून काकांच्या दारात ठेवतो, म्हणजे बक्षीस गोलूच्या हातात होतं. नाव वर सापडलं नाही किंवा दोन सापडली, तर खाली उतरायचं, हे मुलांना त्या भांडणातून जेवढं पक्कं झालं तेवढं माझ्या सांगण्यातून झालं नसतं.

कधी

"कधी"च्या प्रश्नात वेळेचा शब्द उताऱ्यात दिसतो, पण तो तसाच उचलला तर चुकतो. सगळ्यात वाईट शब्द आहेत उद्या, काल, आज, दुसऱ्या दिवशी आणि मग. हे सगळे कशाच्या तरी मागचे किंवा पुढचे असतात.

"तान्हा पोळा कधी होता?" तिसऱ्या वाक्यात "उद्या" आहे, आणि वर्गातली निम्मी मुलं "तान्हा पोळा उद्या होता" असं लिहितात. गोलूचं "उद्या" हे त्याच्या तोंडातलं आहे. आपण लिहितो तेव्हा आपण गोलू नसतो. यासाठी मी फळ्यावर तीन चौकोन काढते. पहिल्यात "पोळ्याच्या आदली रात्र", दुसऱ्यात "पोळा", तिसऱ्यात "पोळ्याचा दुसरा दिवस". मग एकेक वाक्य वाचून मुलं त्याचा आकडा चौकोनात टाकतात. पाऊस पहिल्यात. रात्री पाऊस झाला आणि सकाळी नंदी भिजलेला दिसला, म्हणजे गोलू रडतोय तो पोळ्याच्या दिवशी. त्या दिवशी तो "उद्या" म्हणतोय, म्हणजे तिसरा चौकोन. उत्तर: "तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होता." पुरावा १, २, ३. एवढ्याशा उत्तराला तीन आकडे, यात काही चूक नाही.

आता परत काकांकडे. "सुतार काका कधी आले?" लटकतं "मग" आपल्याला वर पाठवतं, पाचव्या वाक्याकडे. तिथे दोन गोष्टी आहेत: संध्याकाळ, आणि लाकूड वाळणं. चौकोनात बघितलं तर दिवस पोळ्याचा. मुलांनी लिहिलेली ही उत्तरं मी एकाखाली एक मांडते:

"मग आले."
"संध्याकाळी आले."
"नंदीचं लाकूड वाळल्यावर सुतार काका आले."
"पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी, लाकूड वाळल्यावर सुतार काका आले."
"रात्री आठ वाजता आले."

पहिलं उत्तर नाही. दुसरं चालेल, पण मावशी विचारेल, कोणत्या दिवशीच्या? तिसरं चांगलं आहे. "कधी"चं उत्तर घड्याळातच असावं असं नाही, "काय झाल्यावर" हेही वेळच सांगतं, आणि मुलांना हे कोणीतरी एकदा सांगावं लागतं. चौथं सगळ्यात भरलेलं. पाचवं लिहिणाऱ्या मुलीला मी विचारलं, आकडा कुठला? ती समासात बघत बसली आणि स्वतःच खोडलं. उतारा "संध्याकाळ" एवढंच सांगतो, त्यापुढे जायचं नाही.

काहून

नागपूरकडची मुलं "का" फार कमी म्हणतात. "काहून" म्हणतात. पहिल्यांदा शिकवायला लागले तेव्हा मी तो शब्द दुरुस्त करत असे, आणि मूल गप्प होत असे. आता करत नाही. तोंडी विचारताना मीच म्हणते, "काहून ओळखला गा परीक्षकांनी त्याचा नंदी?" आणि उत्तर येतं, "बाकीच्यायच्या नंदीचे शिंगं लाल होते नं, याचेच पिवळे होते." हे उत्तर मुलाने कुठूनही उचललेलं नाही. उताऱ्यात असं वाक्यच नाही. आठव्या आणि सातव्या वाक्यातून त्याने ते स्वतः जुळवलं आहे. आता फक्त ते लिखाणाच्या मराठीत आणायचं: "बाकी सगळ्या नंदींची शिंगे लाल होती आणि गोलूच्या नंदीची पिवळी होती, त्यामुळे परीक्षकांनी तो लांबूनच ओळखला."

स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचा माझ्या ओळखीतला सगळ्यात भरवशाचा रस्ता हाच आहे. आधी रेघ, मग पुस्तक पालथं, मग शेजाऱ्याला आपल्या बोलीत उत्तर सांगायचं, आणि मग लिहायचं. पुस्तक खरोखर पालथं ठेवायला लावा. उघडं राहिलं की डोळा तिकडे जातोच. लिहून झाल्यावर पुस्तक सरळ करून नावं आणि आकडे तपासायचे.

"का"चे प्रश्न मला तीन प्रकारचे दिसतात आणि मी ते याच क्रमाने घेते.

पहिल्या प्रकारात कारण सांगणारा शब्द उताऱ्यातच असतो. "शिंगे पिवळी का रंगवली?" सातव्या वाक्यात "म्हणून" आहे. मुलाने "म्हणून"वर बोट ठेवायचं आणि डावीकडे बघायचं. डावीकडे कारण, उजवीकडे परिणाम. उताऱ्यात "कारण" हा शब्द असेल तर उलटं, कारण उजवीकडे मिळतं. "त्यामुळे" असेल तर डावीकडे, आणि बरेचदा त्याच्या आधीच्या वाक्यात. आता नक्कल न करता लिहायचं तर मराठीत सोपी वाट आहे, "नव्हता म्हणून" याचं "नसल्यामुळे" करायचं. "सुतार काकांकडे लाल रंग नसल्यामुळे त्यांनी शिंगे पिवळी रंगवली." झाला म्हणून, झाल्यामुळे. आला म्हणून, आल्यामुळे. भिजला म्हणून, भिजल्यामुळे. रूप बदललं की वाक्याची घडी आपोआप मोडते आणि मुलाला ती पुन्हा घालावी लागते.

इथे एक सवय मोडावी लागते. मुलं "कारण की" म्हणून सुरुवात करतात आणि परिणाम लिहीतच नाहीत. "कारण की काकांकडे लाल रंग नव्हता." बोलताना हे चालतं. पण "एका वाक्यात" म्हटलं असेल तर वाक्य पुरं हवं, आणि काय झालं तेही उत्तरात यायला हवं. मावशीची कसोटी इथेही लागते. काकांकडे लाल रंग नव्हता, बरं, मग काय?

दुसऱ्या प्रकारात "का"चा अर्थ "कशासाठी" असतो. "आजीने नंदी चुलीजवळ का ठेवला?" एक मुलगी लिहिते, "नंदी भिजल्यामुळे." दुसरा लिहितो, "नंदी वाळवण्यासाठी." पहिलीने मागे बघितलं, दुसऱ्याने पुढे. दोघांकडेही पुरावा आहे, तिच्याकडे २, त्याच्याकडे ५. माणसाने मुद्दाम केलेल्या कामाबद्दल "का" विचारलं असेल तर मी हेतू मागते, म्हणजे "-ण्यासाठी" हवं. आपोआप झालेल्या गोष्टीबद्दल असेल तर "-मुळे" हवं. "रंग का उतरला?" याला कोणी "उतरण्यासाठी" म्हणणार नाही. पण आजीच्या प्रश्नाला "भिजल्यामुळे" लिहिणारीला मी चूक देत नाही. तिला दोन्ही जोडून लिहायला सांगते: "भिजलेला नंदी वाळावा म्हणून आजीने तो चुलीजवळ ठेवला." आता हे एकच वाक्य दोन वाक्यांचा पुरावा पोटात घेतं आणि एकाचीही नक्कल नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, पण त्याकडे शेवटी येते.

काय बदलायचं आणि काय नाही

"स्वतःच्या शब्दांत" या सूचनेने काही मुलांचं नुकसानही होतं, हे नव्या शिक्षकांनी आधीच ध्यानात घ्यावं. त्यांना वाटतं, प्रत्येक शब्द बदलायचा. मग नंदीचा बैल होतो, बैलाचा वृषभ होतो, परीक्षकांचे मास्तर होतात. एका मुलाने "सुतार काका"ऐवजी "लाकूडवाले अंकल" लिहिलं होतं. तान्ह्या पोळ्यातल्या नंदीला दुसरा शब्द नाही, तो नंदीच राहू द्या. नावं, नाती, सण, रंग, आकडे, वारतारखा हे जसंच्या तसं ठेवायचं. बदलते ती वाक्याची घडी. दोन वाक्यांतलं एकात येतं, लटकते शब्द जाऊन तिथे नावं येतात, प्रश्नाला न लागणारा भाग गळतो.

गळणाऱ्या भागाकडे खास लक्ष द्या. "नंदी नव्याने कोणी रंगवला?" याला सहावं वाक्य उतरवलं तर त्यात शेजार, पिवळी डबी, सगळं येतं. प्रश्नाने फक्त रंगवणारा विचारला आहे. मी मुलांना उत्तरातला एकेक शब्द झाकून बघायला सांगते. तो झाकल्यावरही उत्तर मिळतंय का? मिळत असेल तर तो शब्द नसला तरी चालेल. "शेजारचे" झाकलं, चाललं. "सुतार काकांनी" झाकलं, उत्तरच गेलं.

गुण कसे द्यायचे

दोन गुणांच्या उत्तरात मी एक गुण पुराव्याला देते आणि एक मांडणीला. समासातला आकडा बरोबर असेल आणि उत्तरात त्यातली नेमकी गोष्ट आली असेल तर पहिला गुण. मावशीला उताऱ्याशिवाय कळेल असं वाक्य असेल तर दुसरा. अख्खं वाक्य उचलणाऱ्याला पहिला मिळतो, दुसरा मिळत नाही. त्यामुळे त्याला कळतं की शोधलं बरोबर होतं. नक्कल केली म्हणून शून्य दिलं तर मूल पुढच्या वेळी उताऱ्याकडे बघतच नाही आणि अंदाजे लिहितं, ते जास्त वाईट.

वही तपासताना फुली मारण्याऐवजी लटकत्या शब्दाखाली रेघ मारून बाजूला छोटा प्रश्न लिहा. "कोणाकडे?" "कोणत्या दिवशी?" मुलाने त्या प्रश्नाचं उत्तर त्याच ओळीखाली लिहायचं. या सरावात मी ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापत नाही. एका वेळी एकच गोष्ट बघायची. शुद्धलेखनाला वेगळा वार ठेवा.

एका उताऱ्याला चार दिवस द्या. पहिल्या दिवशी फक्त वाचन आणि मावशीची कसोटी, मग एक दिवस "कोण"चा, एक "कधी"चा, एक "का"चा. रोज तीन प्रश्न पुरेत. त्यातला एक आदल्या दिवशीच्या प्रकारचा मिसळा, म्हणजे मूल आज "कधी"चा वार आहे म्हणून डोळे मिटून वेळ शोधत बसणार नाही. दुसऱ्या उताऱ्याला तीन शब्दांची रेघ चालू ठेवा, पण पुस्तक पालथं घालायचं की नाही ते मुलांवर सोडा. ज्यांच्या उत्तरात लटकते शब्द परत दिसतील त्यांच्याकडून ते आणखी थोडे दिवस करून घ्या.

तिसरा "का"

शेवटच्या दिवशी मी हा प्रश्न देते. "गोलूने लाल डबी काकांच्या दारात का ठेवली?"

इथे उचलायला वाक्यच नाही. बाराव्यात कारण नाही, म्हणून नाही, त्यामुळे नाही. शब्द जुळवणारी मुलं बारावं वाक्यच पुन्हा लिहितात आणि थांबतात. काही जण स्वतःची गोष्ट घालतात: काका गरीब होते म्हणून, काकांचा वाढदिवस होता म्हणून. त्यांना आकडा मागा. गरिबीचा आकडा कुठे आहे? नाही. मग ते उत्तर राहत नाही, कितीही गोड वाटलं तरी.

मग मी एवढंच विचारते, "सहा डब्यांतली लालच काहून दिली? पिवळी काहून नाही?" आणि गप्प बसते. इथे गप्प बसणं महत्त्वाचं आहे, निदान एक मिनिट. मुलांचे डोळे बाराव्या वाक्यावरून वर सरकायला लागतात आणि कोणाचं तरी बोट सातव्या वाक्यावर येऊन थांबतं. त्यांच्याकडे लाल रंग नव्हता.

असं उत्तर लिहिताना मुलांना "असेल", "असावी" हे शब्द द्यावे लागतात. उताऱ्याने जे सरळ सांगितलं ते "होते", "केले" म्हणून लिहायचं आणि आपण जे जुळवलं ते "असावे" म्हणून. परवाच्या वर्गात पाचवीतल्या एका मुलीने लिहिलं: "सुतार काकांनी गोलूचा नंदी रंगवून दिला होता, पण त्यांच्याजवळ लाल रंग नव्हता. हे गोलूच्या लक्षात होते, म्हणून त्याने लाल डबी त्यांना दिली असेल." समासात ६, ७ आणि १२. "ठेवली"च्या जागी तिने "दिली" लिहिलं होतं. शेजारच्या मुलाने हरकत घेतली, की उताऱ्यात गोलूने हातात दिली असं नाही, दारात ठेवली. ती म्हणाली, "मंग काय झालं, त्यायलेच भेटन नं." मी दोघांना उतारा पुन्हा वाचायला लावला. मग तिने "दिली" खोडून "त्यांच्या दारात ठेवली असेल" केलं, आणि मी तिला दोन्ही गुण दिले.